कमेन्स पत्रात, बिगिन माईकवर

माझ्या सुनेने शाळेतून आणलेल्या कागदावर लाल पेनाचा एक गोल होता. बाकी सगळा कागद इंग्रजीत टाइप केलेला, स्वच्छ. तिने तो माझ्या बाजेवर टाकला आणि डोक्याचा स्कार्फ सोडत आत निघून गेली. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. इंग्रजी अक्षरं ओळखतो, कारण ती विहिरीवरच्या मोटारीवर असतात, खताच्या पोत्यावर असतात. वाचता येत नाही. पण लाल गोल समजायला शाळा लागत नाही.

घरात आम्ही दोघंच असतो. मुलगा नागपूरला कंपनीत आहे, शनिवारी येतो आणि रविवारी संध्याकाळच्या बसने जातो. माझी बायको मागच्या दिवाळीच्या आठ दिवस आधी गेली. तेव्हापासून सून आणि मी, असं घर. ती असताना सून तिच्याशी बोलायची आणि मी बाजेवर बसून ऐकायचो. आता तिला बोलायला मीच उरलो, आणि मला बोलणं येत नाही. मी बोललो की समोरच्याला लागते. बायको म्हणायची, तुम्ही गप राहा, तुमचं मी बोलते. चाळीस वर्षं तिने माझं बोलणं केलं.

सून इथल्याच एका इंग्रजी शाळेत केजीच्या पोरांना शिकवते. शिकवते म्हणजे शेंबूड पुसते, डबे उघडून देते आणि ए-बी-सी म्हणून घेते. तिने कॉलेजात इंग्रजी घेतलं होतं. तिला सहावी ते आठवीची इंग्रजी पाहिजे होती. तिथली बाई लग्न होऊन इंदूरला गेली आणि जागा मोकळी झाली. शाळेच्या मोठ्या मॅडमनी सुनेला सांगितलं, की गॅदरिंगचं काम तुम्ही करून दाखवा. छिंदवाड्याच्या मोठ्या साहेबांना पाहुणे म्हणून बोलवायचं आहे, त्यांचं निमंत्रणाचं पत्र तुम्ही लिहा, आणि त्या दिवशी माईकही तुम्हीच धरा. दोन्ही नीट झालं तर सहावी तुमची. नाहीतर बाहेरून बाई आणू. म्हणजे सून पुन्हा डबे उघडायला.

आणि पहिल्याच पत्राला लाल गोल.

ती चहा घेऊन आली तेव्हा मी विचारलं, गोलात काय लिहिलं आहे. ती म्हणाली, स्टार्ट. मी म्हटलं, मग त्यात चुकीचं काय, तो शब्द तर मलाही येते. साहेबांना कळवायचं होतं की कार्यक्रम अकरा वाजता सुरू होईल, तिथे तिने स्टार्ट लिहिलं होतं. मोठ्या मॅडम हिंदीत बोलतात. त्या म्हणाल्या होत्या, "ये निमंत्रण है, मोबाइल का मैसेज नहीं."

"चुकलं नाही, मामाजी," सून म्हणाली. "हलकं पडलं."

मग तिने मला समजावून सांगितलं. इंग्रजीत सुरू व्हायला तीन शब्द आहेत. स्टार्ट, बिगिन आणि कमेन्स. स्टार्ट सगळ्यांच्या तोंडी असतो. बिगिन जरा नीटनेटका, बोलण्यातही चालतो आणि लिहिण्यातही. कमेन्स मोठ्या पत्रातला, हुकुमातला, समारंभातला. तिने मोबाइलवर तिन्ही शब्द टाकून पाहिले होते. मोबाइलने तिन्हींचा अर्थ "सुरू होणे" असाच सांगितला. म्हणून तिला वाटलं, कोणताही घेतला तरी चालते.

मी म्हटलं, मोबाइलला विहिरीवर घेऊन जा आणि मोटारीसमोर धर. कोणता शब्द चालते ते मोटार सांगेल.

मी चेष्टेत बोललो होतो, पण ती विचारात पडली. मग हळूच म्हणाली की मोटार फक्त स्टार्ट होते. मोटार बिगिन होत नाही. कमेन्स तर मुळीच नाही, तसं कोणी म्हटलं तर लोक हसतील. असं म्हणून ती स्वतःच हसली. दिवाळीपासून या घरात कोणी मोकळं हसलं नव्हतं. मी चहा पीत राहिलो. चहात साखर जास्त झाली होती, ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पत्र बदललं. कार्यक्रम सकाळी अकरा वाजता कमेन्स होईल, असं लिहिलं. मोठ्या मॅडमनी दोनदा वाचलं, सही केली, शिक्का मारला. वरून असंही सांगितलं की बिगिन लिहिलं असतं तरी मी चालवून घेतलं असतं, पण एवढ्या मोठ्या माणसाला पत्र जाते तर कमेन्सच शोभते. सून घरी आली ती उड्या मारत. अर्धं काम झालं होतं. राहिला माईक.

तिथे ती फसली.

तिला वाटलं, कमेन्स हा जिंकून देणारा शब्द आहे. तिने भाषण लिहिलं आणि ते कमेन्सने भरून टाकलं. संध्याकाळी मला अंगणात बाजेवर बसवलं, स्वतः तुळशीजवळ उभी राहिली, हातात माईकच्या जागी लाटणं. मला म्हणाली, तुम्ही लोक आहात असं समजा. मी म्हटलं, मी लोकच आहे.

ती बोलायला लागली. मला एक अक्षर समजत नव्हतं, पण तो एक शब्द आता मला ओळखू येत होता. तो आला की मी एक बोट मुडपायचो. दीपप्रज्वलनाला कमेन्स. नाचाला कमेन्स. पोरांनी टाळ्या वाजवाव्या, त्यालाही कमेन्स. सात बोटं मुडपली गेली. आणि प्रत्येक वेळी तो शब्द आला की तिची मान ताठ व्हायची, डोळे वर जायचे, आवाज अडकायचा, जसा बैल नालीपाशी येऊन थबकते. बाकी वाक्य बरं चालायचं. त्या शब्दापाशी थबकायचं.

झाल्यावर तिने विचारलं, कसं वाटलं. मला गोड बोलता येत नाही.

"तू बोलून नाई राहिली," मी म्हटलं. "तू कार्ड वाचून राहिली."

तिचा चेहरा उतरला. तिने लाटणं आत नेऊन ठेवलं. मग बाहेर येऊन म्हणाली, "तुमाले इंग्रजी समजते का, मामाजी?" आवाज चढलेला नव्हता, पण त्यात जे होतं ते मला लागलं. मी म्हटलं, नाही समजत. रात्रीचं जेवण आम्ही न बोलता केलं. बायको असती तर तिने मला आत नेऊन दोन शब्द सुनावले असते आणि सुनेला बाहेर येऊन चार शब्द समजावले असते, आणि सगळं मिटलं असतं. आता ते काम करायला कोणी नव्हतं. सकाळपर्यंत मी ठरवलं की आपणच करायचं. वाकडंतिकडं झालं तरी.

सकाळी ती पोळ्या लाटत होती तेव्हा मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन बसलो. मी तिथे कधी बसत नाही, म्हणून तिने मागे वळून पाहिलं. मी म्हटलं, मी कार्ड काऊन म्हटलं ते सांगतो. आणि मोठ्या पोरीच्या लग्नाची गोष्ट सांगितली.

आमच्याकडे लग्नाचं कार्ड छापतात, पण नुसतं कार्ड देऊन कोणी येत नाही. कार्ड हातात द्यायचं, कुंकू लावायचं, पिवळे तांदूळ द्यायचे आणि तोंडाने बोलवायचं. तोंडाने बोलवलं नाही तर माणूस म्हणते, छापखान्याने बोलवलं, घरच्यांनी नाही. आणि नुसतं तोंडाने बोलवलं, कार्ड दिलं नाही, तर म्हणते, आम्ही कार्डाच्याही लायकीचे नाही का. दोन्ही लागते. कार्ड माझ्याकडे असायचं, पिशवीत. बोलणं बायकोकडे.

त्या लग्नात एकदा तिला ताप आला आणि लोधीखेड्याला मी एकटाच गेलो. बायकोच्या चुलत मामांचं घर होतं. मोठं घर, मानाची माणसं. तिथे काय बोलायचं ते मला सुचेना. म्हणून बसमध्ये बसल्या बसल्या मी कार्डच पाठ करून टाकलं. कार्डात चांगले शब्द असतात, मोठ्या माणसांपाशी मोठे शब्द बोलावे, असा माझा हिशेब. मामा ओसरीवर बसले होते. मी हात जोडून उभा राहिलो आणि म्हटलं की आमच्या ज्येष्ठ कन्येचा शुभविवाह योजिला आहे, तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावे ही नम्र विनंती. एका दमात. मामा माझ्याकडे बघत राहिले. मग आत पाहून मामींना म्हणाले, बाहेर ये वं, तहसिलीतून नोटीस आली. सगळं घर हसलं. घरची पोरं खांबाआडून हसली. मी कार्ड ठेवलं आणि पाणी न पिता परत आलो.

घरी आल्यावर मी रागाने सांगितलं तर बायको तापात उठून बसली आणि पोट धरून हसली. दोन दिवसांनी बरं वाटल्यावर ती पुन्हा लोधीखेड्याला गेली, मला सोबत घेऊन. कार्ड तर आधीच दिलेलं होतं. तिने मामांच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "मामा, मंगळवारी पोरीचं लगन हाये. तुमी नाई आले तं मी मांडवात बसणार नाई." झालं. एवढंच. मामा दोन दिवस आधी येऊन बसले.

सून पोळी लाटायची थांबली होती. तव्यावरची करपत होती. मी म्हटलं, पोळी पाहा.

तिने पोळी उलटली आणि म्हणाली की सासूबाईंनी ही गोष्ट तिलाही सांगितली होती, पण त्यांच्या सांगण्यात नोटीस म्हणणारे मामा नव्हते, मी स्वतःच घाबरून पळून आलो होतो. मी म्हटलं, तेही खरं आहे. मग आम्ही दोघंही हसलो, आणि हसताना दोघांनाही ती आठवली. सुनेने पदराने डोळे पुसले. मी उठून हात धुवायला गेलो. हात धुतलेलेच होते.

संध्याकाळी ती भाषणाचा कागद आणि पेन घेऊन माझ्यासमोर बसली. पत्र कार्ड झालं, माईक तोंड झालं, हे तिला पटलं होतं. पण आता तिची अडचण वेगळी होती. कमेन्स काढला तर तिथे काय घालायचं. तिने आधी सगळीकडे स्टार्ट घातला आणि वाचून दाखवलं. ती म्हणाली, वर्गात मी पोरांना हेच म्हणते, चला स्टार्ट करू या, आणि तिथे ते बरोबर आहे. पण समोर साहेब बसलेले, समई लागलेली, लोक नवे कपडे घालून आलेले, तिथे स्टार्ट म्हटलं की शर्यतीत पोरं सोडल्यासारखं वाटते. मी म्हटलं, मला तर मोटारच ऐकू येते. मग तिने बिगिन घातला. लेट अस बिगिन. पुन्हा वाचलं. मान ताठ झाली नाही. आवाज अडकला नाही. मी बोटं मुडपायला घेतली होती, ती तशीच राहून गेली, कारण तो शब्द कधी आला आणि गेला ते मला कळलंच नाही.

तिने मला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. कागदावर तीन ठिकाणी बिगिन राहिला. बाकीच्या चार ठिकाणी तिने काहीच ठेवलं नाही. नाच आला की नाचाचं नाव सांगायचं, तिथे सुरू होते म्हणायची गरजच काय, ती म्हणाली. हे मला फार आवडलं. बायकोही असंच करायची. जे दिसते ते बोलायची नाही.

गॅदरिंग शनिवारी होतं. मुलगा शुक्रवारीच आला. आम्ही दोघं मागच्या रांगेत बसलो. मांडवात पोरांचे आईबाप, अर्धे शेतातून उठून आलेले, अर्धे दुकानं बंद करून आलेले. मराठीवाले आणि हिंदीवाले एकाच रांगेत. अकरा वाजले. कार्यक्रम काही कमेन्स झाला नाही. साहेब जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेले होते आणि शनिवार असल्याने तिथे ही गर्दी. साडेअकरा झाले. बारा झाले. नाचाचे कपडे घातलेली पोरं मांडवाच्या मागे पाणी मागत होती. बाया पदराने वारा घेत होत्या. शेजारच्या एका माणसाने मला विचारलं की हे आज होणार आहे की उद्या. मी म्हटलं, माझी सून आहे माईकवर, तिला विचारा.

सव्वाबाराला गाडी आली. साहेब वर जाऊन बसले. मोठ्या मॅडमनी घाईघाईत सुनेच्या हातात छापलेला कागद दिला. नंतर कळलं की तो कार्यक्रमाचा छापील परचा होता आणि मॅडम म्हणाल्या होत्या की उशीर झाला, आता आपलं काही बोलू नका, हेच वाचा. त्यात पहिलीच ओळ कमेन्सची होती. परचाही सुनेनेच लिहिला होता, पत्र लिहिलं तेव्हाच.

मागून मला एवढंच दिसलं की तिने कागदाकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं. मग कागदाची घडी केली. सहावीचा वर्ग त्या घडीत आहे, असं वाटलं. मुलगा माझ्या कानाशी म्हणाला, ही वाचून काऊन नाई राहिली.

ती बोलली ते मुलाने मला तिथेच सांगितलं, म्हणून लिहितो. ती म्हणाली, सगळ्यांना नमस्कार, तुम्ही बराच वेळ वाट पाहिली, मुलांनी त्याहून जास्त पाहिली. लेट अस बिगिन. बस. चार वाक्यं. पण ती बोलली असं, की ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनाही समजलं. शेजारचा तो माणूस टाळ्या वाजवायला लागला. साहेब हसले आणि मान हलवली. समई लागली, नाच झाला, दुसरा नाच झाला. सून प्रत्येक वेळी नाव सांगायची आणि बाजूला व्हायची. एकदाही अडकली नाही.

मोठ्या मॅडम मात्र हसल्या नाहीत. शेवटपर्यंत मला त्यांची मान मागून दिसत होती, ताठ. घरी आल्यावर सून म्हणाली की त्यांनी जाताना एवढंच म्हटलं, सोमवारी ऑफिसमध्ये भेटा.

रविवार आम्ही कसा काढला ते आम्हालाच ठाऊक. मुलगा शेतातली बाग पाहायला गेला. सून दोनदा कपडे धुवायला बसली. मी तिला सांगितलं की केजीचीही पोरं चांगली असतात, एक वर्ष डबे उघडले म्हणून काही बिघडत नाही. बोलल्यावर कळलं की हे बोलायला नको होतं. पण ती रागावली नाही. म्हणाली, मामाजी, तुम्ही गप राहा. अगदी माझ्या बायकोसारखं म्हणाली.

सोमवारी मॅडमनी विचारलं की परचा दिला होता तो वाचला का नाही. सून म्हणाली, "मैडम, वो पढ़ने के लिए छपा था. मुझे लोगों से बोलना था." मॅडम म्हणाल्या की साहेबांनी गाडीत बसताना विचारलं, ही बाई कोणत्या वर्गाला शिकवते. केजीला, असं सांगताना मॅडमनाच लाज वाटली होती.

त्यांनी कपाटातून टाइप केलेला कागद काढला. तो शुक्रवारीच टाइप झाला होता, नुसती सही राहिली होती. त्या सही करता करता म्हणाल्या, बोलायचं तुम्हाला समजलं, पण पत्रात स्टार्ट मात्र लिहू नका.

सून दुपारी घरी आली तेव्हा मी बाजेवर होतो. तिने कागद माझ्या हातात दिला. मी सगळीकडून पाहिला. कुठे लाल नव्हतं. विचारलं, काय लिहिलं आहे. ती म्हणाली की तिचं सहावी ते आठवीचं काम एक तारखेपासून कमेन्स होईल, असं लिहिलं आहे. मी म्हटलं, आता तोंडाने सांग.

ती माझ्यासमोर उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मामाजी, एक तारखेपासून मी सहावीले जाऊन राहिली. डबा लवकर लागन."

मी म्हटलं, लागेल तर करू. मला भाजी चिरता येते, पोळी येत नाही. आम्ही ठरवलं की पोळ्या ती पहाटे करून ठेवेल आणि भाजी मी पाहीन. पहिल्या दिवशी माझं मीठ कमी पडलं. तिने डबा रिकामा आणला आणि मिठाबद्दल काही बोलली नाही. मग मीच विचारलं, तेव्हा म्हणाली, वर्गातल्या एका पोरीने लोणचं दिलं.